शुक्र सुटला

भाकरीचा तुकडा तिच्या ओठापाशी नेताना शहादेवचं बोट तिच्या दाताला लागलं, आणि त्यानं ते चटका बसल्यासारखं मागं घेतलं… ताराबाईला दिसत नव्हतं, पण ती चावायची थांबली. देवी येऊन डोळे गेल्यापासून तिला असंच कळायचं – त्याचा श्वास, पायांची घाई, न बोललेलं सगळं.

आज तरी घास गोड लागायला हवा होता. सकाळीच बद्रीनाथ जोशींनी पंचांग मिटलं होतं. "शहादेवा, तुझं मकर लग्न, सातव्या घरात कर्केचा शुक्र. शुक्र म्हणजे बायको. भाद्रपदात शनी त्याच अंशावरून गेला, माघात वक्री होऊन माघारी आला, आता मार्गी होऊन तिसऱ्यांदा ओलांडला. शनी सातव्यात आहे अजून. पण त्याच्या तावडीतून शुक्र सुटला. उतरलास कसोटीला."

भाद्रपदात तिला देवी आल्या. माघात मेहुण्यानंच दुसऱ्या लग्नासाठी शिरूरची मुलगी सुचवली – आंधळीच्या हातानं संसार होतो का, म्हणाला, आणि शहादेव निघालाही होता, नवा फेटा बांधून, बैलगाडीत… वाटेत जोशी भेटले. वक्री शनी जुनंच वचन पुन्हा विचारतो, म्हणाले. सातव्यातून त्याची दहावी दृष्टी चौथ्यावर, म्हणजे घरावर. हिला टाकशील तर घर उभं राहणार नाही. त्यानं गाडी वळवली. गावानं त्याला देवमाणूस ठरवलं. त्यानं तिची वेणी घातली, तिला हाताला धरून न्हाणीपर्यंत नेलं, आणि प्रत्येक वेळी मनात वरच्या त्या काळ्या सावकाराला, शनीला, दाखवलं – बघ, केलं.

"जोशीबुवा काय म्हनले?" तिनं विचारलं.

"सुटला म्हनले. शुक्र."

"मंजी आता तुमाला भ्या न्हाई."

"कशाचं?"

"शिरूरला निघालतात, मला ठाव हाय. नव्या फेट्याची खळ वासानं कळती." ती शांतपणे म्हणाली. "माज्यासाटी परत आलात, का त्या शनीसाटी?"

तो उत्तर शोधू लागला. तिच्यासाठी केलेलं एक तरी काम आठवावं – एकच, भीतीशिवायचं. वेणी? नाही. औषध? नाही. नेवाळीची फुलं एकदा आणली होती… तीही जोशींनीच सांगितली होती, शुक्रवारी, पांढरी.

"तारा –"

"ऱ्हाऊ द्या." तिनं हात पुढं केला, अंगणात जायला. रोजचाच हात. त्याला वाटलं, आज हा धरला नाही तर काहीही बिघडणार नाही. घर पडणार नाही, कुणी वरून बघणार नाही. आणि हे कळताच त्याला शनीच्या काळातही कधी वाटली नव्हती अशी भीती वाटली – हात समोर होता, आणि तो धरायचा का, हे पहिल्यांदाच त्याचं त्याला ठरवायचं होतं.