मंगळवार नव्हे, शनिवार

‘घाटमाथा झंकार’ या आमच्या पेजवर कधीही चूक होत नाही. हे मी म्हणत नाही, आमचे मुख्य संपादक गोरक्षभाऊ म्हणतात. मुख्य संपादक म्हटल्यावर खाली उपसंपादक, वार्ताहर, छायाचित्रकार असा लवाजमा असेल असं वाटेल, पण तो सगळा लवाजमा म्हणजे मी, शिफा. जुन्नरच्या बाजारपेठेत चहाच्या दुकानावर एक खोली, तिच्यात दोन खुर्च्या, एक कॉम्प्युटर आणि भिंतीवर ‘निर्भीड, निःपक्ष, अचूक’ असा बोर्ड. त्यातलं निर्भीड आणि निःपक्ष आम्ही वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या बॅनरवर चालवतो. अचूकचं काय होतं, तेच सांगते.

नोव्हेंबरात माझ्या मामेबहिणीचं लग्न मंचरला होतं. मी दोन दिवस रजेवर गेले आणि तेवढ्यात पशुसंवर्धनवाल्यांकडून बातमी आली की डिंगोरे गावात शनिवारी, पंधरा तारखेला, मेंढ्यांना पीपीआर या साथीच्या रोगाची लस टोचणार आहेत. दिवाळीनंतर आपल्या भागातले मेंढपाळ माळशेज उतरून कोकणात जातात, त्याआधी लस व्हावी म्हणून शिबिर. गोरक्षभाऊंनी बॅनर स्वतः करायला घेतला. आता नवीन बॅनर करायचा म्हणजे कष्ट. त्यांनी भावी जिल्हा परिषद सदस्य कुंडलिकशेठ यांच्या वाढदिवसाचा तयार बॅनर उघडला, शेठचा फोटो काढून तिथे मेंढी बसवली, ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ पुसून ‘मोफत लसीकरण’ लिहिलं आणि तारीख तशीच ठेवली. मंगळवार, अठरा नोव्हेंबर. वर तीच तारीख बघून पोस्टचा मजकूरही लिहिला. शेठच्या वाढदिवसाला अख्ख्या तालुक्यातल्या मेंढ्यांना आमंत्रण गेलं.

शनिवारी शिबिरात बांधावरच्या चार-दोन मेंढ्यांपलीकडे कोणी आलं नाही. डॉक्टरांनी दुपारी गोरक्षभाऊंना फोन करून चूक सांगितली. भाऊ तत्पर माणूस. त्यांनी लगेच पोस्टमधला मजकूर बदलला, जुना बॅनर काढून नवा टाकला आणि कोणाला काही बोलले नाहीत. शिबिर आटोपल्यावर आमची पोस्ट एकदम अचूक झाली.

हे सगळं मला कळलं बुधवारी, भिमाभाऊ जिना चढून आले तेव्हा.

भिमाभाऊ डिंगोऱ्याचे, पण त्या शनिवारी गावात नव्हते. घरची शेती आहे, पण भावकीतली काही घरं अजून मेंढरं घेऊन फिरतात. त्यांच्या तळावर, म्हणजे मुक्कामाच्या जागी, वाचणारं कोणी नसतं, त्यामुळे कुठं लस आहे, कुठल्या गावात वाट अडवली आहे, हे भिमाभाऊ मोबाइलवर वाचतात आणि फोन करून सांगतात. त्यांच्या एका फोनवर कळप थांबतात नाहीतर हलतात. मंगळवारी त्यांच्या सांगण्यावरून सगळे डिंगोऱ्यात जमले. तिथे ना डॉक्टर, ना टेबल.

“सायब, तुमी मंगळवार लिवलं व्हतं,” भिमाभाऊ म्हणाले.

गोरक्षभाऊंनी मोबाइल पुढे केला. “बघा की राव. शनिवार, पंधरा. काय लिहिलंय? नीट वाचत चला, पावणं. घाईत वाचलं की असं होतं.”

भिमाभाऊंनी फोन हातात घेतला. एकदा वाचला, पुन्हा वाचला. मग आपला स्वतःचा फोन काढून त्यावर वाचला. तिथंही शनिवारच. त्या माणसाचा चेहरा बघून मला भाऊंच्या डोक्यात कीबोर्ड घालावासा वाटला. आपण काय वाचलं होतं याचीच त्याला शंका यायला लागली होती.

“म्या मंगळवार वाचला व्हता,” ते हळू आवाजात म्हणाले. “काल तळावर बी हेच झालं. गावातनं आलेल्या एका पोरानं ह्येच वाचून दावलं. चुलती समद्यांम्होरं म्हनली, भिमा, आता तुजं वाचल्यालं आमी ऐकनार न्हाई. आन् डॉक्टर शुक्रवारी परत यायला तयार हायेत. पर समदी मेंढरं एका जागी आली तरच. लशीची बाटली एकदा फोडली की काही तासांत संपवावी लागती म्हनं. मी सांगून आता कोन येतंय? शनिवारी तळ हलनार हाये. तशीच घाट उतरत्याल.”

“मग मी काय करू?” गोरक्षभाऊ म्हणाले. “आमच्या पेजवर तर बरोबर आहे.”

मी उठले, कॉम्प्युटरवर ती पोस्ट उघडली, तीन टिंबांवर दाबलं आणि एडिट हिस्ट्री काढली. फेसबुक या बाबतीत फार चोंबडं आहे, काय खोडलं आणि काय लिहिलं ते सगळं जपून ठेवतं. आधीचा मजकूर समोर आला. मंगळवार, अठरा.

“भिमाभाऊ, तुम्ही बरोबर वाचलं होतं,” मी म्हणाले. “चूक आमची आहे.”

भिमाभाऊ खुर्चीत बसले. इतका वेळ उभेच होते, आम्ही बसा म्हटलंच नव्हतं.

गोरक्षभाऊंनी मला जिन्यात बोलावलं. जिना हे आमचं संपादकीय दालन आहे.

“शिफा, तू काय माझं दुकान बंद करतीस का? चूक सुधारली ना मी?”

“चूक सुधारली नाही तुम्ही, लपवली. आणि लपवून ती त्यांच्या अंगावर ढकलली.”

“पेजची विश्वासार्हता काय राहील?”

“त्यांची किती राहिली ते विचारा.”

“बरं, पोस्टच डिलीट करतो. विषय संपला.”

“म्हणजे त्यांच्याकडे दाखवायला हिस्ट्रीही नको. फार दिलदार आहात.”

ते मोठ्या मनाने म्हणाले, “लिही काय लिहायचं ते. पण शब्द मी बघणार.”

त्यांनी बघितलेले शब्द ऐकण्यासारखे होते. पहिला मसुदा, ‘तांत्रिक कारणास्तव’. मी विचारलं, कुठलं तंत्र? दुसरा, ‘काही वाचकांच्या गैरसमजामुळे’. यावर मी बॅग उचलली आणि शुक्रवारपासून बॅनर स्वतः करा म्हणाले. तिसरा, ‘छपाईतील दोष’. आम्ही आजवर व्हिजिटिंग कार्डसुद्धा छापलेलं नाही. शेवटी मी टाइप केलं आणि ते डोळे मिटून हो म्हणाले.

‘दुरुस्ती : डिंगोरे येथील मेंढ्यांच्या लसीकरणाची तारीख आम्ही मंगळवार १८ नोव्हेंबर अशी दिली होती. ती चुकीची होती. शिबिर शनिवारी १५ नोव्हेंबरला झाले. १५ तारखेला दुपारी आम्ही काही न सांगता पोस्टमधील तारीख बदलली. ज्यांनी मंगळवार वाचला त्यांनी बरोबर वाचला होता, चूक आमची होती. मेंढपाळांना झालेल्या त्रासाबद्दल माफी मागतो. डॉक्टरांनी सांगितलेली नवी तारीख : शुक्रवार २१ नोव्हेंबर, सकाळी, डिंगोरे.’

टाकण्याआधी मी डॉक्टरांना फोन लावून दिवस, तारीख आणि जागा त्यांच्याकडून पुन्हा वदवून घेतली. भाऊ म्हणाले, एवढं कशाला? मी त्यांच्याकडे नुसतं बघितलं.

ही दुरुस्ती जुन्या पोस्टच्या डोक्यावर घातली, नवी पोस्ट म्हणूनही टाकली. पण जुना बॅनर एव्हाना व्हॉट्सअ‍ॅपवर गावोगाव फिरत होता आणि फॉरवर्ड झालेलं काही परत बोलावता येत नाही. म्हणून तोच बॅनर घेतला, मेंढी तशीच ठेवली, मंगळवारावर लाल फुली मारली, खाली नवी तारीख लिहिली आणि ज्या ज्या ग्रुपवर भाऊंनी पहिला पाठवला होता तिथे तिथे पाठवला. बघणाऱ्याला ओळख पटली पाहिजे, हाच तो चुकलेला.

शेठचा बॅनर ओळखणाऱ्या कुणाची तरी पहिली कमेंट आली, ‘मग शेठचा वाढदिवस नक्की कधी?’ त्यापाठोपाठ कुंडलिकशेठांचा फोन आला. आपल्या जन्मतारखेवर फुली मारल्याबद्दल त्यांना तीव्र दुःख झालं होतं.

मी काम संपलं म्हणून चहा मागवला. भिमाभाऊ चहा पिऊन म्हणाले, “ताई, लई उपकार झाले. पर तळावर ह्ये वाचनार कोन? मीच ना? मीच वाचनार की मी बरोबर व्हतो.”

मला माझाच राग आला. दुरुस्ती आमच्यासारख्या वाचणाऱ्यांसाठी होती. चूक मात्र भिमाभाऊंच्या तोंडून, फोनवरून, कानाकानांनी गेली होती.

मी गोरक्षभाऊंकडे वळले. भाऊंचा आवाज प्रसिद्ध आहे. वाढदिवस, यात्रा, बैलगाडा शर्यतीचा घाट, सगळीकडे त्यांचंच ‘नमस्कार मंडळी!’ वाजतं. तळावरच्या लोकांनासुद्धा तो आवाज ओळखीचा आहे.

“भाऊ, बोला.”

“मी?”

“मुख्य संपादक कोण आहे?”

पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये भाऊ ‘चूक’ या शब्दाजवळ खोकले. दुसऱ्यात तो शब्द इतक्या वेगाने म्हटला की कुत्रा मागे लागल्यासारखा वाटला. तिसऱ्यात ‘भिमा’ राहिला. चौथ्यांदा भिमाभाऊ स्वतः म्हणाले, “सायब, सावकाश बोला. आमच्यात बी चुका व्हतात.” मग कसं कोण जाणे, भाऊ नीट बोलले. ‘नमस्कार मंडळी’ न म्हणता बोलले. ते रेकॉर्डिंग, नव्या तारखेसकट, भिमाभाऊंनी तळावरच्या फोनांवर पाठवलं.

शुक्रवारी सकाळी मी एसटीने डिंगोऱ्याला गेले. गोरक्षभाऊ आधीच मोटरसायकलवर पोचले होते, लाइव्ह करायला. गर्दी होणार म्हटल्यावर आमची पत्रकारिता जागी होते. पण गर्दी नव्हती. डॉक्टर टेबल मांडून बसले होते, लशीची पेटी बंद होती. भिमाभाऊ रस्त्याच्या कडेला उभे राहून ओतूरच्या दिशेने बघत होते. त्यांनी नवा सदरा घातला होता. मला फार वाईट वाटलं.

मग आधी घंटा ऐकू आल्या, नंतर धूळ दिसली आणि त्या धुळीतून एक, मग दुसरा, मग तिसरा कळप रस्ता भरून आला. डॉक्टरांनी पेटी उघडली.

सगळ्यात पुढे रतनबाई होत्या, भिमाभाऊंच्या चुलती. त्यांनी मेंढरं आवरली, आजूबाजूला बघितलं आणि थेट विचारलं, “ती चूक झाली म्हनून बोलनारा मानूस कुटं हाय?”

गोरक्षभाऊंनी लाइव्ह बंद केलं. “मी, आजी.”

रतनबाईंनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “आवाजावरनं मोटा वाटला व्हतास,” त्या म्हणाल्या. मग कमरेचा मोबाइल काढून नातवाला दिला. “लाव रं पुन्यांदा.”

“आजी, परवापासनं किती डाव लावू?”

“लाव म्हनते ना.”

भर चौकात, मेंढ्यांच्या आवाजावर, गोरक्षभाऊंचा आवाज वाजला. ‘चूक आमची होती. भिमाभाऊंनी जे वाचलं ते बरोबर वाचलं होतं.’ भाऊ मान खाली घालून ऐकत होते. रतनबाई पुतण्याकडे गेल्या. भिमाभाऊ एक मेंढी धरून डॉक्टरांपुढे वाकले होते आणि त्यांनी काही तोंड वर केलं नाही.

“समद्यांम्होरं बोलले व्हते म्या,” रतनबाई म्हणाल्या, “मंग समद्यांम्होरं ऐकाया नगं का?”