वाजणारा टाय

इमारतीच्या तोंडावर उभारलेल्या लोखंडी नळ्यांच्या परांचीला अख्ख्या उंचीचं कापड टांगलं होतं आणि त्यावर एक सुखी कुटुंब दात काढून हसत होतं. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘निर्धास्त राहा’. परांचीचा मुकादम रोज सकाळी त्या कुटुंबाकडे बघायचा आणि त्याच्या तोंडाला कडू चव यायची. उभी परांची ही चाळणी असते, वारा तिच्यातून निघून जातो. तिला कापड लावलं की तिचं शीड होतं. हे त्याने साइटच्या साहेबांना कापड येण्याआधीच सांगितलं होतं. साहेब म्हणाले, “मग टाय वाढवा. फ्लॅट विकायचेत मला, तुमच्या नळ्या नाही.”

मुकादमाने टाय वाढवले. टाय म्हणजे परांचीला इमारतीशी बांधणारी आडवी नळी. तिचं एक टोक भिंतीत खोल बसवलेल्या कडीच्या बोल्टात अडकवायचं, आणि ती परांचीच्या दोन्ही उभ्या नळ्यांना काटकोनी क्लॅम्पने आवळायची. आडवं अंतर चार मीटर ठेवून, उभ्यात चारऐवजी दर दोन मीटरला त्याने टाय मारला. शनिवारी स्वतः पाना घेऊन एकेक क्लॅम्प तपासला आणि पायथ्याच्या पाटीवर सही केली. फळ्यांवर चौरस मीटरला दोनशे किलोपेक्षा जास्त ओझं नको, हेही त्याच पाटीवर लिहिलं होतं. पाटी वाचायची असते, असा समज या साइटवर एकट्या त्याचाच होता.

बुधवारी दुपारी वारा सुटला. मुकादम चौथ्या मजल्यावर, आतल्या रिकाम्या खोलीत डबा उघडून बसला होता. तेवढ्यात भिंतीच्या पलीकडून आवाज आला. टक्. थांबून पुन्हा टक्. कुणीतरी दार वाजवावं तसा. त्याचा घास हातातच राहिला, कारण तिथे दार नव्हतं आणि टाय वाजत नसतो. टाय धरून ठेवतो, म्हणून तो मुका असतो.

त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. शेजारच्या टायचं टोक भिंतीला टेकलं होतं. पुढच्या झोताला ते बोटभर सुटलं आणि पुन्हा भिंतीवर आपटलं. कडी नव्हती, बोल्टही नव्हता. भोक बुजवून, वरून गिलावा घासून, रंगही मारलेला होता. नळी पुढे सरकवून टोक फक्त भिंतीला लावून ठेवलं होतं. खालून बघणाऱ्याला सगळे टाय जागच्या जागी दिसावेत म्हणून! वारा इमारतीला वळसा घालून कापड बाहेर ओढत होता आणि ही नळी त्याला अडवायचं सोडून टाळ्या वाजवत होती. मुकादमाने डबा तसाच टाकला.

खिडक्या बसवायचं काम त्याच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याकडे होतं. ते काम मुकादमानेच साहेबांकडे शब्द टाकून मिळवून दिलं होतं. दाजी दोन मजले वर परांचीवर उभे होते, आणि शेजारी, दोन उभ्या नळ्यांमधल्या एकाच खणात, काचेच्या चौकटी ढिगाने रचलेल्या होत्या. तेवढं ओझं एका खणावर टाकू नये असंच पाटीवर लिहिलं होतं.

“दाजी!” मुकादम धावत वर जाऊन खिडकीतून ओरडला. “कड्या कुठं गेल्या?”

“चौकटीच्या आड येत होत्या हो दादा,” दाजी हसत म्हणाले. “काढल्या. पण एकच काढली.”

“एकच?”

“म्हणजे प्रत्येक खिडकीची एकच. मधली मधली. नळ्या तशाच ठेवल्यात की, तुम्हाला वाईट दिसू नये म्हणून.”

मुकादमाने आयुष्यभर तोंडावर ताबा ठेवला होता. त्या क्षणी तो सुटला आणि दाजींच्या चार माणसांनी दाजींच्या खानदानाबद्दल जे ऐकलं ते बहिणीच्या कानावर जायला वेळ लागणार नव्हता. “आत या! सगळे! शिडीला हात लावू नका, खिडकीतून आत उड्या टाका!”

गणित तोंडपाठ होतं त्याला. दर दोन मीटरला टाय असताना एकेकाच्या वाट्याला आठ चौरस मीटर कापड यायचं. मधला काढला की सोळा. जोराच्या झोतात चौरस मीटरला चाळीस किलो धरले तरी एका टायवर सहाशे चाळीस. आणि टायचा भरवसा सहाशेच्या आसपास संपतो. त्यापुढे क्लॅम्प नळीवरून घसरतो, नाहीतर बोल्ट भिंतीतून उपटतो. एक सुटला की त्याचं ओझं शेजाऱ्यावर, मग त्याच्या शेजाऱ्यावर. आणि खाली रस्ता होता, माणसांनी भरलेला.

त्याने खाली फोन करून रस्ता अडवायला लावला. मग साहेबांना फोन केला. “कापड उतरवतोय.”

“हात लावाल तर उद्यापासून साइटवर दिसायचं नाही. उद्या गिऱ्हाईकं येणार आहेत.”

“बरं,” मुकादम म्हणाला आणि फोन ठेवला.

परांचीवर त्याने पाय ठेवला नाही. त्याने लांब लाकडी काठीला कापायचं पातं तारेने बांधलं आणि सगळ्यात वरच्या खिडकीतून, परांचीच्या नळ्यांमधून, कापडाच्या दोऱ्यांपर्यंत पोचवलं. एक दोरी तुटली तसा कोपरा फडफडला. पुढच्या खिडकीतून पुढची. दोऱ्या हाताशी येईनात तेव्हा त्याने सरळ कापडात पातं घातलं आणि ओढलं. हसणारा बाप कपाळापासून हनुवटीपर्यंत फाटला. परांची इतकी करकरली की मागे उभे असलेले दाजी भिंतीला चिकटले. मग वाऱ्यानेच उरलेलं काम केलं, सगळं कुटुंब सर्रकन खाली घसरलं आणि अडवलेल्या रस्त्यावर पसरलं.

खालच्या मजल्यांवरची टकटक थांबली. परांची उभी राहिली.

आणि हेच त्याला महागात पडलं. संध्याकाळी साहेब आले, मान वर करून बघितलं आणि म्हणाले, “कुठं पडलीय? उभीच तर आहे. उगाच बाऊ केलात.” मुकादमाने त्यांना बुजवलेली भोकं दाखवली. साहेबांनी गिलाव्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “काम मात्र सफाईदार आहे.” दाजी तिथेच उभे होते. त्यांना हे कौतुक वाटलं असावं, कारण ते लाजले.

मुकादमाचं काम गेलं. पायथ्याच्या पाटीवरची आपली सही खोडून, लाल अक्षरांत ‘चढू नये’ लिहून तो निघाला. परांची पडली असती तर आपलं खरं ठरलं असतं, असला विचार मनात आला आणि त्याला स्वतःचीही किळस आली.

घरी धाकटी बहीण येऊन बसलेली होती. डोळे रडून सुजले होते.

“चार माणसांत त्यांच्या आईवरून बोललास दादा. त्यांनी तुझं काय घोडं मारलंय?”

मुकादमाने चपला काढल्या. हिला सोळा चौरस मीटर कसे समजावायचे?

“ते तुझ्यासारखे नाहीत, मनात ठेवत नाहीत,” बहीण डोळे पुसत म्हणाली. “म्हणाले, दादांना वाटत असेल मी कड्या भंगारात विकल्या. त्यांची वस्तू त्यांना नेऊन दे. त्यातली एकही इकडची तिकडं केलेली नाही. तिसऱ्या मजल्यापासून वरच्या सगळ्या जपून ठेवल्यात.”

ती उठली आणि दाराआड ठेवलेली गोणी ओढायला लागली. एका हाताने ती हलेना. मग तिने दोन्ही हातांनी गोणीचे कान धरले, मागे झुकली आणि फरफटत आणून त्याच्या पायाशी टेकवली.

“घे,” ती म्हणाली. “मोजून घे.”