सगळ्यात ताजी यादी

बाई शाळेत बारा वर्षं इंग्रजी शिकवत होत्या. शाळा बंद पडली आणि त्रेचाळिसाव्या वर्षी त्या खुर्च्यांच्या कारखान्यात येऊन बसल्या. सहा महिने तात्पुरत्या. काम पसंत पडलं तर कायम. सहावा महिना शुक्रवारी संपत होता, आणि घरी नवऱ्यापासून सासूबाईंपर्यंत सगळे तो दिवस मोजत होते. याआधी दोन ठिकाणी 'तुमचं वय जरा...' एवढंच ऐकून त्या परत आल्या होत्या, त्यामुळे ही खुर्ची त्यांना हवीच होती.

त्यांना घेण्याचं कारणही तसंच घडलं होतं. एका गिऱ्हाइकाला कारखान्यातून मेल गेली होती: आमचा माल 'मोअर बेटर', पोच 'मोअर फास्टर', डिझाइन 'मोस्ट लेटेस्ट'. गिऱ्हाइकाने ती चार जणांना वाचून दाखवली आणि त्या चौघांपैकी एक नेमका साहेबांचा व्याही निघाला. साहेबांची झोपच उडाली. त्यांनी नियम काढला की कारखान्यातली प्रत्येक मेल, बाहेरची असो की आतली, आधी बाईंच्या मेलच्या खोक्यात थांबेल. बाई सुधारतील, मगच ती लिहिणाऱ्याच्या नावाने पुढे जाईल.

बाईंनी काम अगदी मनावर घेतलं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सगळ्यांना जेवणाच्या खोलीत बसवून समजावलं, "आपण 'जास्त चांगलं' म्हणतो, म्हणून बेटरच्याही आधी मोअर लावतो. पण बेटरमध्ये 'जास्त' आधीच बसलेलं आहे. फास्टरमध्येही. लेटेस्टच्या पुढे तर काही नाहीच, मग त्याला मोस्ट कशाला? एका पायात दोन चपला घालतं का कोणी?" लोक हसले. दुसऱ्या दिवशीपासून मेल परत येऊ लागल्या, लाल रंगात न्हाऊन, आणि लोकांचं हसू आटलं.

सगळ्यात जास्त लाल रंग गोदामकाकांच्या वाट्याला यायचा. काका तीस वर्षं गोदाम सांभाळत होते. कुठला स्क्रू कुठल्या फळीवर आहे हे ते डोळे मिटून सांगत, पण मेल म्हटली की त्यांना घाम फुटे. एकदा बाईंनी त्यांच्या पाच ओळींत नऊ खुणा केल्या आणि खाली लिहिलं, 'कृपया नियम पुन्हा वाचावा.' त्यानंतर काका दोन ओळींच्या वर लिहीनात. बाईंना वाटलं, सुधारणा होते आहे.

आणि मग वाचनालयाच्या दोनशे चाळीस खुर्च्यांचं काम आलं. वाचनालयवाल्यांनी आधी निळं कापड सांगितलं, आठ दिवसांनी राखाडी, आणि शेवटी हिरवं. प्रत्येक वेळी काकांनी यादी नवी केली. काकांची जुनी पद्धत होती, बाई सोडून कारखान्यात सगळ्यांना तोंडपाठ: पहिल्या यादीचं नाव 'लेटेस्ट', दुसरीचं 'मोअर लेटेस्ट', तिसरीचं 'मोस्ट लेटेस्ट'. चौथी लागली तर 'मोस्ट मोस्ट'. तीस वर्षांत एकदाही घोळ झाला नव्हता.

सोमवारी काकांनी गादी विभागाला मेल लिहिली: 'मोस्ट लेटेस्ट यादीप्रमाणे कापड लावा.' ती बाईंच्या खोक्यात आली. बाईंनी सुस्कारा टाकला, 'मोस्ट' खोडला आणि मेल पुढे पाठवली. तीन सेकंदांचं काम.

बुधवारी दुपारी गादीवाले मिस्त्री साहेबांना खुर्च्या दाखवायला घेऊन गेले. साठ झाल्या होत्या. देखण्या, चकचकीत आणि निळ्या.

साहेबांचा आवाज थेट फाटकापर्यंत गेला. "हिरव्या सांगितल्या होत्या ना! शनिवारी माल द्यायचाय!"

"मला मेल आली ती लेटेस्ट यादीची," मिस्त्री म्हणाले. "ती उघडली. तिच्यात निळंच आहे. मी काय करू?" आणि त्यांनी मेलचा कागद टेबलावर ठेवला. खाली गोदामकाकांचं नाव होतं.

काकांना बोलावणं गेलं. बाईंनाही, कारण मेलचा विषय होता. साहेब काकांवर तुटून पडले. "तीस वर्षं झाली, काका! यादीचं नावसुद्धा नीट लिहिता येत नाही?"

काका फरशीकडे बघत उभे राहिले.

बाईंनी कागद पाहिला आणि त्यांना सोमवारची आपली खूण आठवली. 'मोस्ट' कुठे गेला हे जगात फक्त दोघांना माहीत होतं. मूळ मेल त्यांच्याच खोक्यात होती, दुसरं कोणी ती उघडणार नव्हतं. शुक्रवार दोन दिवसांवर होता. गप्प बसलं की झालं. काका तर तीस वर्षं जुने, त्यांना कोण काढणार? एवढा विचार त्यांच्या मनात येऊन गेला, आणि तो आला याची त्यांना लाज वाटली.

"साहेब, काकांनी बरोबर लिहिलं होतं," त्या म्हणाल्या. "मोस्ट मी खोडला. मला वाटलं, चूक आहे. ते यादीचं नाव होतं."

मिस्त्री खोकले. साहेब एकदा बाईंकडे आणि एकदा काकांकडे बघत राहिले.

"मग काका, तुम्ही बोलला का नाहीत?" साहेबांनी विचारलं. "सुधारलेली मेल तुम्हालाही येते ना?"

काकांनी खिशातून फोन काढला आणि बाईंपुढे धरला. सोमवारची एक मेल होती, लिहून ठेवलेली, न पाठवलेली. 'मॅडम, लेटेस्ट इज ओल्ड. मोस्ट लेटेस्ट इज ग्रीन. प्लीज टेल मिस्त्री. कस्टमर विल बी मोअर अँग्री.'

"चार वेळा लिहिली," काका म्हणाले. "पाठवायला हात होईना. परत लाल होऊन येईल म्हटलं. मग तोंडी सांगायला आलो, तर तुम्ही रंगवाल्याला झापत होतात. मागच्या मागे फिरलो."

बाईंचा हात सवयीने 'मोअर अँग्री'वर गेला आणि थांबला. अँग्रीमध्ये 'जास्त' आधी बसलेलं नव्हतं, तिथला मोअर बरोबर होता. तिथे त्यांनी खूण केली असती तर चूक त्यांची ठरली असती. बाकीच्या चुका होत्याच, पण गिऱ्हाईक, मिस्त्री, रंग, सगळं त्या चार ओळींत लख्ख होतं. डोळे भरून आले म्हणून त्यांनी फोन घाईने परत दिला.

साहेबांनी निकाल लगेच दिला. साठ खुर्च्यांचं कापड उतरवायचं, रात्रपाळी लावायची, आणि बाई आणखी तीन महिने तात्पुरत्या. बाई "बरं" म्हणाल्या. सासूबाईंना काय सांगायचं हा प्रश्न त्यांनी संध्याकाळवर टाकला.

मग त्या स्वतःच गोदामात गेल्या. दोघांनी मिळून याद्यांना आकडे आणि तारखा लावल्या. "पण आधीच्यापेक्षा पुष्कळ चांगलं असं म्हणायचं असेल तर?" काकांनी विचारलं. "तेव्हा मोअर नको, मच लावा. मच बेटर, मच फास्टर," बाई म्हणाल्या. काकांनी ते पुठ्ठ्यावर लिहून घेतलं.

नंतर काकांनी मिस्त्रींना मेल लिहिली: यादी क्रमांक तीन, हिरवं कापड. दोन बोटांनी, सावकाश.

"थेट पाठवा काका," बाई म्हणाल्या. "तुमच्या मेल मी आता तपासणार नाही. साहेबांना मी सांगते."

काका पाठवायच्या बटणाशी थांबले. मान हलवली.

"नको, तपासा. लोकांत माझं हसू का करायचं?" ते म्हणाले. "फक्त खोडायच्या आधी मला विचारत जा, 'काका, तुम्हाला काय म्हणायचंय?'"

बाईंनी स्टूल पुढे ओढलं आणि विचारलं.