चहापाण्याची शिफारस

दोन वर्षांत मी पाचशेच्या वर माणसांच्या गळ्यात त्यांच्या नावाचे बॅज अडकवले. त्यातल्या एकाने तरी माझं नाव विचारलं असेल, तर शप्पथ. हे मी कौतुकाने सांगत नाहीये, रागाने सांगतेय, आणि त्या रागात माझा स्वतःचाही वाटा आहे, तो पुढे येईलच.

परदेशात शिकायला निघाले तेव्हा आईने एकच सांगितलं, माणसं जोड. मी आज्ञाधारक. पहिल्या महिन्यात तीन ठिकाणी नाव घातलं: विद्यापीठातलं आपल्या मुलांचं मंडळ, आमच्या तिकडच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचा इथला गट आणि स्थापत्य अभियंत्यांच्या संघटनेची इथली शाखा. विद्यार्थ्यांना तिथे वर्गणी नव्हती. मंडळाच्या पहिल्याच बैठकीत चिटणीस कोण होणार असं विचारलं, आणि सगळ्यांना एकदम बुटांच्या नाड्या बांधायची आठवण झाली. मी वाकायला उशीर केला.

माजी विद्यार्थी गटाचे अध्यक्ष म्हणजे आमचे दादा. आमच्याच कॉलेजचे, माझ्या बावीस वर्षं आधीचे, इथल्या मोठ्या सल्लागार कंपनीत वरच्या खुर्चीवर. मंडळाचा कार्यक्रम वेळेवर सुरू झालेला पाहून त्यांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि स्वतःच्या गटाचंही काम दिलं. मग संघटनेच्या शाखेचंही, कारण त्या समितीवरही ते होतेच. नोंदणीच्या टेबलावर बस, म्हणाले, सगळे तुझ्यासमोरूनच जातील, आपोआप ओळखी होतील. सगळे माझ्यासमोरून गेले, हे खरं आहे. बॅज घेतला की आत जायचे, दार लागायचं, आणि मी उरलेले कप मोजत बाहेर. आत काय व्याख्यान झालं ते मला पोस्टरवरून कळायचं. फार्मसी शिकणारी माझी रूममेट म्हणायची, तू लष्कराच्या भाकऱ्या भाजतेस. मी म्हणायचे, दादांचं लक्ष आहे.

पदवी मिळाली आणि उलटी गिनती सुरू झाली. ठरलेल्या मुदतीत आपल्या क्षेत्रातली नोकरी मिळाली नाही तर परत जायचं, असा इथला नियम. बावन्न दिवस उरले असताना एका कंपनीने मुलाखत घेतली. डोंगरउतारावरच्या रस्त्यांना आधाराच्या भिंती बांधणारी कंपनी, आणि माझा प्रबंध नेमका त्या भिंतींवर. मुलाखत सुंदर झाली. फक्त या देशात काम करणाऱ्या एका अभियंत्याची शिफारस हवी होती. मी दादांचं नाव दिलं. दुसरं होतं कोण? दादा म्हणाले, अगं, तुझ्यासाठी नाही तर कोणासाठी लिहिणार.

दोन आठवड्यांनी नकार आला. नेमकं काय कमी पडलं, असं मी फोन करून विचारलं. कंपनीतली बाई भली होती, तिने सांगितलं. शिफारस अतिशय प्रेमाने लिहिलेली होती. मुलगी मेहनती आहे, हसतमुख आहे, दीडशे माणसांचं चहापाणी एकटीने सांभाळते, एकही खुर्ची कमी पडत नाही. भिंतींबद्दल मात्र त्यात एक अक्षर नव्हतं. मग ती बाई म्हणाली की त्यांच्या कार्यालयात व्यवस्थापकाच्या मदतनिसाची जागा रिकामी आहे, हवं तर अर्ज करा. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती मी त्या दिवशी फोन हातात धरून अनुभवली.

चार दिवसांनी शाखेचं वार्षिक व्याख्यान होतं. मी गेले. बॅज लावायला नव्हे, भांडायला. तरी हात आपोआप डब्याकडे गेले आणि मी अक्षरानुसार बॅज मांडायला लागले, याचाही राग आला. दादा आले, नेहमीसारखे हसत. मी शिफारशीचं विचारलं. ते खरोखर गोंधळले. त्यांना वाटत होतं, आपण भरभरून लिहिलंय.

"दादा, माझा प्रबंध कशावर आहे?"

"पुलांवर ना?"

"दोन वर्षांत एकदाही विचारलं नाहीत तुम्ही."

"आणि तू एकदाही सांगितलं नाहीस," ते म्हणाले. चिडून नाही, साधेपणाने म्हणाले, म्हणून जास्त लागलं.

कारण खरं होतं. मी त्यांना हॉलचं भाडं सांगितलं होतं, कपांचा आकार सांगितला होता. मोठ्या माणसासमोर आपल्या कामाचं काय बोलायचं, त्यांना दिसेलच, असं मानून गप्प राहिले. दिसत होतं ते त्यांनी पाहिलं आणि तेच लिहिलं. पण म्हणून माझा राग ओसरला नाही. विचारायला त्यांना काय झालं होतं? मला फुकट राबवून घेताना तोंड उघडत होतंच की.

"बरं, आपण नंतर बोलू," दादा म्हणाले. "लोक येतायत, बॅज दे."

मी डब्यात माझा बॅज शोधला. नव्हता. दोन वर्षांत मी स्वतःसाठी एकही केला नव्हता. एक कोरं कार्ड घेतलं, त्यावर माझं नाव लिहिलं, खाली लिहिलं "आधारभिंती", गळ्यात अडकवलं आणि आत जाऊन दुसऱ्या रांगेत बसले.

वक्ता नव्या घाटरस्त्याच्या भिंतीची चित्रं दाखवत होता. भिंतीमागे खडीचा थर, मातीच्या बाजूला गाळणीचं कापड, पाणी बाहेर पडायला भोकं. पन्नास वर्षं काळजी नाही, म्हणाला. प्रश्नांच्या वेळी मी उठले. आवाज चढलेलाच होता, तो उतरवायला वेळ मिळाला नाही. विचारलं, माती इतकी बारीक असेल तर कापड किती वर्षांत तुंबेल? तुंबल्यावर पाणी मागेच साठणार, त्याचा दाब गणितात धरलाय का? तो म्हणाला, कापड दर्जेदार आहे. मी म्हणाले, मी प्रयोगशाळेत अशाच मातीवर सात कापडं तपासलीत, त्यातली पाच पहिल्या तीन महिन्यांतच तुंबली, तीही दर्जेदारच होती. दारात दादा उभे होते, दोन्ही हातांत बॅज.

व्याख्यान संपल्यावर एक म्हातारी अभियंता काठी टेकत माझ्याकडे आली. तिला मी दोन वर्षांत सहा वेळा बॅज दिला होता. तिने माझ्या गळ्यातलं कार्ड हातात धरून वाचलं आणि विचारलं, नवीन आहेस का. मी नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. सगळे आकडे सांगितले, आणि पाठोपाठ, लाज सोडून, नोकरीचं आणि शिफारशीचंही सांगितलं.

"दहा मिनिटांच्या ओळखीवर मी कोणासाठी लिहीत नाही," ती म्हणाली. "दर बुधवारी सहा वाजता आम्ही पाचजण तळघरातल्या खोलीत बसतो. एकमेकांची गणितं तपासतो, चुका काढतो. तुझे आकडे घेऊन ये. चार बुधवार पाहीन, मग लिहायचं की नाही ते ठरवीन."

मी विचारलं, येताना काही आणू का, चहा वगैरे. तोंडातून निघून गेलं, आणि माझीच मला चीड आली.

"चहा तिथे कोणी पीत नाही," ती म्हणाली.

बाहेर टेबलापाशी गर्दी झाली होती. दादांनी विचारलं, उरलेल्या बॅजचा डबा कुठे ठेवायचा. तुम्हाला हवा तिथे ठेवा, म्हटलं, आणि कोट घेतला. रस्त्यावर येऊन मी बोटांवर मोजलं. चौतीस दिवस उरले होते. त्यात पाच बुधवार येत होते.