नजरचूक माझी नाही

कोर्टाच्या आवारात मी टाइपरायटर घेऊन बसतो, त्याला आता बावीस वर्षं झाली. नाशिक जिल्ह्यात जेवढ्या माणसांची सरकारदरबारी काही ना काही चूक झाली, त्यातली निम्मी तरी माझ्यासमोरच्या स्टुलावर बसून गेली असतील. चूक कोणाचीही असो, अर्जात ती अर्जदाराचीच असते. हा नियम कुठल्या पुस्तकात नाही, पण मी तो कधी मोडला नव्हता.

एकोणऐंशी सालच्या ऑगस्टमधली गोष्ट. सुमन केरू पगारे नावाची मुलगी आली. नाशिक रोडला राहणारी, दोन वर्षांपूर्वी बी.ए. झालेली. बँकेत कारकून म्हणून तिची निवड झाली होती. पण कागद तपासताना साहेबाने दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. एस.एस.सी.च्या सर्टिफिकेटवर जन्मतारीख १९ नोव्हेंबर १९५६. विद्यापीठाच्या मार्कशीटवर १ जून १९५६. साहेब म्हणाला, महिनाअखेरपर्यंत दुरुस्त मार्कशीट आणा, नाहीतर यादीतलं पुढचं नाव घेऊ.

"दोन वर्षं मार्कशीट घरात होती आणि तू तारीख पाहिली नाहीस?" मी विचारलं.

"मार्क पाहिले, काका. तारखेकडे कोण बघतं?"

ते खरं होतं. मी दोन कोऱ्या कागदांमध्ये कार्बन घातला आणि सवयीने सुरुवात केली. प्रति, माननीय कुलसचिव. मार्फत, माननीय प्राचार्य. विषय, गुणपत्रिकेवरील जन्मतारखेत दुरुस्ती होणेबाबत. महोदय, परीक्षेचा अर्ज भरताना माझ्या नजरचुकीने जन्मतारीख चुकीची लिहिली गेली, तरी उदार अंतःकरणाने क्षमा करून...

ती वाकून वाचत होती. तिने रोलरवरच्या कागदावर बोट ठेवलं. "हे काढा."

"काय काढा?"

"माझी नजरचूक नाही. फॉर्म मी स्वतः भरला होता. एस.एस.सी.चं सर्टिफिकेट समोर ठेवून भरला होता."

मी चष्मा काढला. अशा वेळी मी चष्मा काढतो, म्हणजे समोरच्याला कळतं की आता शहाणपण मिळणार आहे. मी तिला समजावलं. विद्यार्थ्याची चूक म्हटलं की काम सरळ असतं. प्रतिज्ञापत्र जोडायचं, शुल्क भरायचं, मूळ मार्कशीट परत करायची, नवी मिळते. ऑफिसची चूक म्हटलं की ऑफिस फुरंगटून बसतं. मूळ फॉर्म शोधा, शेरे मारा, टेबलाटेबलावरून फाइल फिरवा. तुझ्याकडे तीन आठवडे आहेत. कशाला वाकड्यात शिरतेस?

"आणि प्रतिज्ञापत्रावर काय लिहायचं? शपथेवर सांगते की मी चुकीची तारीख दिली होती?"

"असंच लिहितात सगळे."

"ती शपथ खोटी होईल. उद्या बँकेत कोणी म्हणालं, ही बाई एकदा एक तारीख देते, एकदा दुसरी, तर हाच कागद माझ्यापुढे धरतील. सही माझीच असेल."

मला राग आला. माझ्या अर्जांवर तोवर कोणी बोट ठेवलं नव्हतं. पण रागाच्या खाली, पोरीचं खरं आहे अशी एक कबुली होती आणि ती मला आवडली नाही. मी कागद ओढून काढला, दुसरा लावला आणि तिने सांगितलं तसं टाइप केलं. अर्जात तारीख बरोबर लिहिली आहे. मूळ अर्ज तपासावा. चूक माझी नाही. 'क्षमा' आणि 'उदार अंतःकरण' दोन्ही गेलं. अर्ज अर्ध्या पानात संपला.

दुसऱ्या दिवशी ती परत आली. कॉलेजच्या ऑफिसातले पुंजाराम, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात, त्यांनी अर्ज घेतलाच नव्हता. प्राचार्यांच्या सहीशिवाय तो विद्यापीठात जात नाही, आणि भाऊसाहेबांनी पुढे केल्याशिवाय प्राचार्य कशावर सही करत नाहीत. भाऊसाहेब म्हणाले, नेहमीचा मजकूर आणा. टाइपिस्ट कोण, रंगनाथ? त्याला माहीत आहे.

मला माहीत होतंच. कॉलेजातली पोरं माझ्याकडे पाठवायचे तेच. दाखला हरवला, नाव बदललं, की "कोर्टात रंगनाथकडे जा" असं तेच सांगायचे. त्यांना दुखवणं म्हणजे माझ्या पोटावर पाय. तरीही मी सुमनला म्हणालो, "उद्या मी येतो." का म्हणालो ते मला आजही नीट सांगता येत नाही. बहुधा कालची कबुली अजून टोचत होती.

सकाळी कॉलेजच्या फाटकापाशी सुमनबरोबर तिची आई उभी होती. कुसाबाई. नगरपालिकेच्या प्रसूतिगृहात आया होत्या, ड्यूटी बदलून आल्या होत्या. हातात कापडी पिशवी, पिशवीत जन्माचा दाखला.

भाऊसाहेबांनी आम्हाला बसा म्हटलं नाही. मी सांगितलं, "परीक्षेचे फॉर्म पाठवताना तुम्ही विद्यापीठाला यादी पाठवता, नाव, जन्मतारीख, विषय. तिची कार्बन प्रत तुमच्याकडे असते. तेवढी दाखवा. तिच्यात एकोणीस नोव्हेंबर असेल तर चूक विद्यापीठाची, आम्ही त्यांच्याशी बघू."

"आणि नसेल तर?"

"तर आमच्यासमोर नाही, प्राचार्यांसमोर बघू," सुमन म्हणाली.

भाऊसाहेब हसले. वाईट माणूस नव्हे हो, त्यांनी किती तरी पोरांची कामं बसल्या बसल्या केली आहेत. पण त्या दिवशी ते जे बोलले ते मी विसरलो नाही. "अगं, तुमच्यात कोणाला खरी तारीख ठाऊक असते? मास्तर शाळेत घालून घेताना एक जून टाकतो. माझी स्वतःची एक जून आहे. काय बिघडलं?"

कुसाबाई तोवर भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या टेबलापाशी आल्या.

"भाऊसायब, हिला शाळेत घातलं तव्हा गुरुजी बी येक जून लिवीत व्हते. म्या म्हनलं, नाय. ही पोरगी मी काम करती त्याच दवाखान्यात झाली, रजिस्टरात नोंद हाय. गुरुजी म्हनले, मग दाखला आना. म्या आनला. तीन दिस पोरीला वर्गाभाईर बशिवलं त्यांनी. तिच्यासंगं मी बी बसले, पन तारीख बदलू दिली नाय." त्यांनी दाखला टेबलावर ठेवला. "आता तुमी सांगा, काय बिघडलं त्ये."

भाऊसाहेबांनी दाखल्याकडे पाहिलं नाही. ते उठले, कपाटातून सत्त्याहत्तर सालची फाइल काढली आणि टेबलावर टाकली. माझा अंदाज, त्यांनाही आत काय आहे ते आठवत नव्हतं. नाहीतर त्यांनी ती काढलीच नसती.

फी-सवलतीच्या विद्यार्थ्यांची यादी वेगळ्या पानांवर होती. मागासवर्गीय सवलत, एकूण तेवीस नावं. चांदवडची, पिंपळगावची, नाशिक रोडची. जन्मतारखेचा रकाना मी वरून खाली पाहिला. पहिल्या नावापुढे १ जून. त्याखाली दोन छोट्या रेघा, म्हणजे वरीलप्रमाणे. त्याखाली पुन्हा रेघा. साल तेवढं प्रत्येकाचं वेगळं लिहिलेलं, दिवस आणि महिना मात्र शेवटच्या नावापर्यंत रेघा. सुमनचं नाव सतरावं होतं. तिच्यापुढेही रेघा होत्या.

विद्यापीठाने मार्कशीट या यादीवरून केली होती. तिने भरलेला फॉर्म कोणी उघडलाच नव्हता. यादी करतानाही नाही.

इतरांच्या यादीची पानं मी उलटली. तिथे प्रत्येक नावापुढे तारीख पूर्ण लिहिलेली होती. एक जूनही होते त्यात, पाच-सहा. ते सुद्धा प्रत्येक वेळी हाताने लिहिलेले.

मी सुमनकडे पाहिलं. ती रडेल असं वाटलं होतं. ती रडली नाही. तिने फाइल दोन्ही हातांनी उचलली, छातीशी धरली आणि प्राचार्यांच्या केबिनकडे चालू लागली. भाऊसाहेब "अगं, ऑफिसची फाइल आहे ती" म्हणत मागे धावले, आणि त्यांच्या मागे आम्ही दोघं.

प्राचार्य म्हातारे आणि सभ्य होते. त्यांनी यादी दोनदा पाहिली. मग भाऊसाहेबांना म्हणाले, "हे काय आहे?" भाऊसाहेब म्हणाले, "घाई होती, सर. वरची आठ-दहा एक जूनचीच होती. मला वाटलं..."

प्राचार्य सुमनकडे वळले. "बेटा, अर्ज थोडा सौम्य करू या. कॉलेजचं नाव आहे. 'नजरचुकीने' एवढंच लिही, कोणाच्या ते नको. मी आत्ता सही करतो."

मला वाटलं, आता ही ऐकेल. महिनाअखेर जवळ येत होती. मी तिच्या जागी असतो तर ऐकलं असतं, खोटं कशाला बोलू.

"सर, कोणाची ते लिहिलं नाही तर ती माझीच धरतात," ती म्हणाली. "नोकरी गेली तर दुसरी बघीन. हे लिहिणार नाही."

प्राचार्यांनी पेन उघडलं आणि अर्जाच्या समासात शेरा लिहिला: शालान्त प्रमाणपत्र व जन्माच्या दाखल्यानुसार जन्मतारीख १९-११-१९५६. चूक या कार्यालयाच्या यादीतील. दुरुस्तीची शिफारस. खाली सही, शिक्का, जावक क्रमांक. शिक्का भाऊसाहेबांनी मारला. तो त्यांनी जरा जोरातच मारला.

अर्ज पोस्टाने पाठवायचा नाही, असं मी सांगितलं. सुमन स्वतः पुण्याला गेली, मूळ मार्कशीट जमा करून पावती घेतली. पुन्हा गेली. परीक्षा विभागात तिला आठ दिवसांनी या म्हटलं, ती पाचव्या दिवशी गेली आणि बाकावर बसून राहिली. अठ्ठावीस ऑगस्टला नवी मार्कशीट तिच्या हातात पडली. एकतीसला ती बँकेत रुजू झाली. कुसाबाईंनी प्रसूतिगृहात पेढे वाटले, त्यातले दोन माझ्याकडे पोचले.

भाऊसाहेबांनी माझ्याकडे पोरं पाठवणं बंद केलं. दोन-तीन महिने मला ते चांगलंच जाणवलं. पण मला त्याचं वाईट वाटलं नाही, आणि वाईट वाटलं नाही याचं मलाच नवल वाटलं.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सुमन बँकेच्या जेवणाच्या सुट्टीत स्टुलावर येऊन बसली. तिच्या हातात विद्यापीठाचं पत्र होतं, दुरुस्तीचं अधिकृत कळवणारं. मी वाचलं. आपल्या विनंतीचा सहानुभूतीपूर्वक विचार करून, विशेष बाब म्हणून, आपल्या जन्मतारखेत दुरुस्ती करण्यात येत आहे.

"छान," मी म्हणालो. "फाइलला लावून ठेव."

"काका, सहानुभूती कशाबद्दल?"

"अगं, तशी भाषा असते. सगळ्यांनाच तसं लिहितात."

"म्हणून तर विचारते." तिने घड्याळात पाहिलं. "वीस मिनिटं आहेत माझ्याकडे. एक पत्र टाइप करा. कुलसचिवांनाच."

नोकरी मिळाली होती, मार्कशीट मिळाली होती. या पत्राने तिला काहीच मिळणार नव्हतं. मी मुकाट्याने कार्बन घातला. तिने सांगितलं आणि मी एकही शब्द इकडचा तिकडे केला नाही.

महोदय, दुरुस्त गुणपत्रिका मिळाली. माझी जन्मतारीख ही विशेष बाब नसून माझी जन्मतारीख आहे. सदर यादीतील इतर बावीस जणांचे मूळ अर्जही तपासावेत. आपण पाठवलेली सहानुभूती मला लागू होत नसल्याने ती सोबत परत करीत आहे. आपली, सुमन केरू पगारे.

पत्र रजिस्टर्ड पोस्टाने गेलं. पंधरा दिवसांनी पोच आली. उत्तर आलं नाही.