हा पाय कुणाचा?

एकतीस वर्षांपूर्वी मला एक पत्र आलं होतं आणि त्याला मी उत्तर दिलं नाही. पत्र शिवणकाम शिकवणाऱ्या एका बाईंचं होतं. त्वचारोगांच्या जाडजूड पुस्तकात, औषधांमुळे उठणाऱ्या पुरळांचं प्रकरण जिथे सुरू होतं, तिथे मी ते ठेवून दिलं. एवढ्या वर्षांत ते प्रकरण मी पुन्हा वाचलं नाही. बाकीचं पुस्तक मात्र दोनदा वाचून झालं.

त्या पत्राआधी बाईंनी मला एक फोटो पाठवला होता. पाकिटात फोटो, मागे परतीचा पत्ता, बाकी काही नाही. एका पुरुषाच्या पाठीवर लाल चट्टे. तेव्हा त्वचारोगाचा डॉक्टर म्हणून माझं थोडंफार नाव होतं. पेशंट दारातून आत येईपर्यंत हा माणूस रोग ओळखतो, असं लोक म्हणायचे. मी लाजून मान खाली घालायचो, पण ऐकू येईल इतपतच. त्या फोटोला मी दोन ओळींचं कार्ड पाठवलं: पित्त उठलं आहे, अमुक गोळी आठवडाभर घ्यावी.

पाठ त्यांच्या यजमानांची होती. त्यांना फिट्स येत आणि त्यावरची नवी गोळी दोन आठवड्यांपूर्वीच सुरू झाली होती. तोंडात फोड आले होते, डोळ्यांची आग होत होती. ते काही पाठीच्या फोटोत नव्हतं. कार्ड वाचून ते निर्धास्त राहिले आणि पुरळ जिच्यामुळे उठलं होतं ती फिट्सची गोळी आणखी चार दिवस घेत राहिले. मग अंगाची साल सुटायला लागली. जीव वाचला, नजर बरीचशी गेली.

बाईंच्या पत्रात एक शब्दही वाकडा नव्हता. शेवटी एवढंच होतं: "फोटोत गोळी दिसत नव्हती, हे मला कळतं. तुम्हाला दोष देत नाही. फक्त विचारते, तुम्ही मला काय विचारलं असतंत?"

याला काय उत्तर द्यायचं? दहा-बारा वेळा कागद पुढे ओढला. माफी मागितली तर नाटकी वाटायची आणि खुलासा केला तर बचाव वाटायचा. मग वर्षं गेली, आणि इतक्या उशिरा लिहिणं हाच एक नवा अपराध वाटायला लागला.

आता मी निवृत्त आहे. दवाखाना एका तरुण डॉक्टरीणबाईंनी घेतला. माझी भाची तिथे नर्स आहे. मला घरी करमत नाही म्हणून मागच्या खोलीत जुनी कार्डं लावत बसायची परवानगी आहे. भाची म्हणते, "मामा, तुम्ही आमचं अर्धवेळ कपाट आहात." बसतो मुकाट्याने. तिच्यासमोर बोलून कधी जिंकलेलो नाही.

दवाखान्याच्या फोनवर हल्ली दिवसभर फोटो येतात. बोटं, माना, काखा, एकदा तर चुकून कुणाच्या तरी कुत्र्याचं पोट. बहुतेकांसोबत अक्षर नसतं. लोकांना वाटतं, दिसतंय ते दिसतंयच, लिहायचं काय. भाची प्रत्येकाला तेच ते प्रश्न पाठवते आणि मला ते जरा शाळकरी वाटायचं. मी तिला एकदा म्हणालोही होतो, की यातले निम्मे तर मी नुसते बघून सांगेन. ती हसली आणि म्हणाली, "म्हणून तर विचारते."

त्या दिवशी दुपारी एकच्या सुमाराला, दवाखाना आवरायची वेळ झाली असताना, फोन वाजला. फोटो होता. पोटरीवर तांबूस-जांभळे ठिपके, मोहरी सांडल्यासारखे. नंबर आमच्या जुन्या पेशंटचा, बसचालक होते ते. त्यांचं कार्ड तर माझ्याच हाताशी होतं. तीन वर्षांपूर्वी मीच तपासलं होतं: दोन्ही नडग्यांवर असेच ठिपके, तासन्‌तास पाय लोंबकळत बसणाऱ्यांना होतात तसे. निरुपद्रवी, पुन्हापुन्हा येणारे. अक्षरही माझंच.

मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. कार्ड तिच्यापुढे सरकवत म्हणालो, "जुनंच आहे. तेच मलम लिहून पाठव."

तिने कार्ड पाहिलं, फोटो पाहिला, तो बोटांनी मोठा केला, परत लहान केला.

"मामा," ती म्हणाली, "हा पाय कुणाचा?"

मी म्हणालो, नंबर कुणाचा ते लिहिलंय की. तिने नकारार्थी मान हलवली. फोटोत पोटरीशिवाय काहीच नव्हतं. ना गुडघा, ना हात, ना चादरीची कडा. पाय केवढा आहे हे कळायला काही नाही. आणि त्यावर एकही केस नव्हता.

तिने लगेच दोन ओळी पाठवल्या: हा फोटो कुणाचा, वय किती, कधी काढला? ताप आहे का? एखादं मिनिट वाट पाहिली. उत्तर नाही म्हटल्यावर सरळ फोन लावला आणि स्पीकर सुरू करून टेबलावर ठेवला.

बसचालक स्वतःच बोलले. पाय नातीचा होता. चार वर्षांची. मुलगी-जावई कामावर गेलेले, आज यांची सुटी, म्हणून नात यांच्याकडे. मलम देऊन टाका, म्हणाले, माझ्यासारखंच झालंय, घराण्यातच दिसतंय. आणि जरासे हसले.

भाची हसली नाही, पण आवाजही चढवला नाही. एकेक प्रश्न, आणि उत्तर पुरं होईपर्यंत थांबायची. ठिपके कधी दिसले? तासाभरापूर्वी, पायावर. आता? थांबा बघतो, हो, पोटावरही आहेत. ताप? सकाळपासून. उलटी? दोनदा. काही औषध नवीन? नाही, तापाचं तेवढं दिलं. खेळतेय का? नाही हो, झोपलीये. हाक मारून बघा. डोळे उघडते आणि परत मिटते. हातपाय? गार आहेत. ताप असून गार कसे, असं त्यांनीच विचारलं, आणि तिथे त्यांचं हसू थांबलं.

"घरात काचेचा साधा पेला असेल. तो आडवा धरून ठिपक्यांवर दाबा आणि काचेतून बघा. पुसट होतात का?"

भांड्यांचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. खरं तर तो वेळ पंधरा-वीस सेकंदांचाच असेल. मी कार्डाची कडा दुमडत बसलो होतो.

"नाही," ते म्हणाले. "तसेच राहतात."

एव्हाना तिने एका हाताने डॉक्टरीणबाईंच्या खोलीचं दार ठोठावलं होतं. बाई आतला पेशंट तसाच सोडून बाहेर आल्या. भाचीने तीन वाक्यांत सांगितलं, एकही जास्तीचं नाही. बाईंनी स्वतःच्या फोनवरून रुग्णवाहिका बोलावली, मग इस्पितळाच्या मुलांच्या विभागाला कळवलं, की असं मूल येतंय, दारातच घ्या. भाची इकडे बोलत राहिली. मुलीला कुशीवर ठेवा, काही खायला-प्यायला देऊ नका, दार उघडं ठेवा, मलम काही लावू नका.

"पण झालंय काय तिला? नाव तरी सांगा."

"नाव मला माहीत नाही," भाची म्हणाली. "पण थांबायचं नाही, एवढं नक्की माहीत आहे. मी फोनवरच आहे."

गाडी येईपर्यंत ती खरंच फोनवर होती. आजोबांना रडू आवरेना तेव्हा तिने त्यांना पायऱ्या मोजायला लावल्या, किती मजले उतरायचे आहेत ते. तिसरा मजला, लिफ्ट बंद. हेही तिने गाडीवाल्यांना कळवलं.

फोन ठेवल्यावर ती पाणी प्यायली आणि टेबल पुसायला लागली. मी बसल्या जागी म्हणालो, की मी मलम सांगितलं होतं. ती म्हणाली, ऐकलं मी. टोमणा नव्हता. मग फडकं थांबवून म्हणाली, "बघा ना, दाबून पुसट न होणारे ठिपके आजोबांचेही आणि नातीचेही. फोटोत फरक कुठून दिसणार? आणि पुसट झाले असते, तरी एवढी मलूल मुलगी मी घरी ठेवली नसती."

मी तिला विचारलं, हे सगळं शिकलीस कुठे. उत्तर कोर्सचं येईल अशी अपेक्षा होती.

"तुमच्याच दवाखान्यात. सुट्टीत मी बाकावर बसायचे, आठवतं? तुम्ही एकेका माणसाला इतकं विचारायचात की मला झोप यायची. कधीपासून, खाज की आग, पसरतंय का, ताप, तोंडात काही, डोळ्यांत काही, नवीन गोळी कुठली, घरात आणखी कुणाला. दारातून ओळखता म्हणायचे लोक. पण माणूस समोर बसला की तुम्ही सगळं विचारायचात."

तिचं म्हणणं खरं होतं. माणूस समोर असला की मी विचारायचो. कागदावरच्या पाठीला काय विचारणार, म्हणून गप्प बसलो होतो आणि स्वतःलाच उत्तर देऊन मोकळा झालो होतो.

संध्याकाळी इस्पितळातून डॉक्टरीणबाईंना फोन आला. रक्तात जंतू पसरत होते. औषध वेळेत सुरू झालं. अजून दोन दिवस काळजीचे आहेत, पण मुलगी डोळे उघडून आईला ओळखते आहे. तासभर उशीर झाला असता तर काय, हे तिकडच्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. पाचव्या दिवशी बसचालक स्वतः आले. मी कपाटाआड सरकलो, तर भाचीने मला दंडाला धरून पुढे केलं आणि म्हणाली, "हे माझे मामा. विचारायला यांनी शिकवलं." त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. मलमाचं मी त्यांना सांगून टाकलं. ते म्हणाले, मीही तेच मागितलं होतं की.

जन्मात मला कुणाचा इतका अभिमान वाटला नसेल. वाचलेल्या पुस्तकांचा होता, पण तो वेगळा. ही पोरगी माझ्याच दवाखान्याच्या बाकावर जांभया देत वाढली आणि माझ्या हुशारीतला नेमका कामाचा तेवढा भाग उचलून घेऊन गेली. बाकीचा तिथेच ठेवला.

घरी येऊन मी पुस्तक काढलं. पत्राच्या घड्या पिवळ्या पडल्या होत्या. या वेळी कागद पुढे ओढल्यावर थांबलो नाही. मी माफी मागावी असं बाईंनी म्हटलंच नव्हतं, खुलासाही नव्हता मागितला. प्रश्न विचारला होता.

लिहिलं: "हे मी विचारायला हवं होतं. पाठ कुणाची, वय किती? पुरळ कधीपासून, आणि सुरुवात कुठून? पसरतंय का? खाज की आग, की दुखतं? ताप? तोंडात, डोळ्यांत, लघवीच्या जागी काही? गेल्या दोन महिन्यांत कुठली नवी गोळी? गोळीचं ऐकताच मी तुम्हाला त्याच दिवशी इस्पितळात जायला सांगितलं असतं. मी विचारलं नाही. चूक माझी होती, फोटोची नव्हती. यजमानांना माझा नमस्कार सांगावा." आणि खाली त्या चार वर्षांच्या मुलीची हकिगत लिहिली. भाचीचं कौतुक जरा जास्तच झालं, पण खोडलं नाही.

पत्ता एकतीस वर्षांपूर्वीचा. त्या तिथे असतील की नाही, कोण जाणे. पाकिटाच्या मागे माझा पत्ता स्वच्छ अक्षरात घातला, म्हणजे कुणी नसलं तर परत तरी येईल. सकाळी दवाखान्यात जाताना कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी भाची म्हणाली, द्या, मी टाकते. मी नको म्हणालो. फटीत पाकीट सरकवलं आणि ते आत पडल्याचा आवाज येईपर्यंत तिथेच उभा राहिलो.