पाचवा प्रश्न

"मी धडा लिहिला तो काय नुसता चाळायला?" माझ्या कानामागेच बाई पुटपुटल्या. ग्रंथालयाच्या दोन कपाटांमधल्या फटीत मी पुस्तकं लावत होते आणि त्या तिथेच पाठ टेकून उभ्या होत्या. बोलणं माझ्याशी नव्हतं, पण ऐकायला मीच होते.

रुग्णसेविकांच्या आमच्या प्रशिक्षण केंद्रात 'शरीरातलं पाणी' हा धडा म्हणजे बाईंचा धडा. त्यांनीच लिहिलेला, वर्षानुवर्षं त्यांनीच शिकवलेला. यंदा गुडघ्यांनी दगा दिला म्हणून संध्याकाळची तुकडी त्यांच्या सुनेकडे गेली. सून घरी त्यांना आई म्हणते, इथे मॅडम. आम्ही तिला सूनबाई म्हणतो आणि ती रागावते.

संध्याकाळच्या तुकडीतल्या बायका दिवसभर काम करून येतात. गेल्या वर्षी याच धड्यापाशी निम्म्या गळाल्या. यंदाही गळाल्या तर तुकडी बंद, असं वरून स्पष्ट सांगून झालं होतं. म्हणून सूनबाईने ठरवलं, धड्याआधी हातात एक पान द्यायचं: काय शोधत वाचायचं, कोणत्या शब्दांशी थबकायचं, काय नुसतं चाळलं तरी चालेल.

ती माझ्याच टेबलावर बसून ते पान तयार करत होती. आधी मथळे, आकृत्यांखालच्या ओळी आणि शेवटचा सारांश वाचला. मग धडा अथपासून इतिपर्यंत. मग पेन्सिल चावत म्हणाली, "वाचून झाल्यावर शिकणारीला रुग्णाच्या खाटेपाशी काय करता आलं पाहिजे, तिथून सुरुवात करायची, काकू."

चार प्रश्न झाले. शरीरातलं पाणी कमी पडतंय हे रुग्णाने सांगायच्या आधी कशावरून ओळखाल? आत गेलेल्या आणि बाहेर आलेल्या पाण्याच्या तक्त्यात काय काय मोजायचं? दोन्ही बाजू जुळल्या नाहीत तर कोणाला आणि कधी सांगायचं? पायाला सूज असताना पाण्याचा आग्रह का करायचा नाही?

शब्द तीनच. जलसंतुलन, निर्जलीकरण, सूज.

"अर्थ नाही दिलेस?" बाई काठी टेकत आल्याच.

"अर्थ दिले तर धडा कोण उघडणार, मॅडम? कोणत्या पानावर भेटतील तेवढं सांगितलंय."

"बरी आहेस की!" बाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हे म्हणजे शाल-श्रीफळच.

उरलं काय चाळायचं ते. सूनबाईची कसोटी सरळ होती: ज्या भागात एकाही प्रश्नाचं उत्तर नाही किंवा तेच पुन्हा सांगितलंय, तो भाग चाळायचा. सोडवलेलं दुसरं उदाहरण पहिल्यासारखंच होतं, त्यावर खूण झाली. मग ती सुरुवातीच्या चार पानांशी आली आणि पेन्सिल थांबली. जुन्या काळी लोकांना शरीरातल्या पाण्याबद्दल काय काय वाटायचं, त्याच्या गमती. सुरेख पानं. मुलगा मांडीवर असताना बाईंनी लिहिलेली. तोच मुलगा हिचा नवरा.

मी कपाटात डोकं घातलं. सूनबाईने चाळायची खूण केली नाही. गुपचूप पाचवा प्रश्न लिहिला: 'जुन्या समजुती कोणत्या होत्या?' झालं, पानांना आधार मिळाला.

तासाच्या आधी तुकडीतल्या दोघींना पान देऊन बघितलं. धुलाईघरात काम करणारी थोड्या वेळाने उठून आली. "पान झकास आहे हो. काय शोधायचं ते कळलं की अक्षरं अंगावर येत नाहीत. पण पाचव्या प्रश्नातच सगळा वेळ गेला. तक्त्यापर्यंत पोचलेच नाही."

"मीसुद्धा," दुसरी म्हणाली.

सूनबाई म्हणाली, प्रकाश कमी आहे इथे. मी म्हणाले, हो ना, दिवा बदलायला हवा. दिवा लख्ख होता.

बाईंनी ते पान उचललं. एकेका प्रश्नापुढे धड्यात बोट ठेवून उत्तर कुठे आहे ते पाहिलं. सावकाश, पेपर तपासावा तसं. चौथ्यापर्यंत मान डोलत होती. पाचव्यावर थांबली.

"हा कोणासाठी?"

"मॅडम, तो आपला... पार्श्वभूमी म्हणून."

"रुग्णासाठी नाही, मग कोणासाठी?" आता आवाज घरचा झाला होता. "माझ्यासाठी ना गं?"

सूनबाईने खाली बघितलं. बाईंनी तिच्या हातातून पेन्सिल घेतली, पाचवा प्रश्न खोडला आणि त्या चार पानांपुढे स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं: चाळा.

मग मान ताठ करून, दोघी विद्यार्थिनींना ऐकू जाईल अशा बेताने, म्हणाल्या, "ती चार पानं मी माझ्या हौसेने लिहिली. आणि हा धडा माझ्यापेक्षा माझ्या सुनेला जास्त कळलाय."